एक नंबर, चार स्क्रीन आणि तुम्ही

पार्ट-टाइम जॉबच्या पहिल्या दिवशी आयकार्ड मिळत नाही, दुकानाचा टी-शर्टही मिळेलच असं नाही. हमखास मिळतो तो क्यूआर कोड. म्हणजे होतं असं, की मालक किंवा मालकीणबाई स्वतःचा फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘आपल्या दुकानाचं व्हॉट्सअॅप तुझ्याकडे पण घे रे जोडून, कस्टमरला पटापट रिप्लाय देता येईल.’ तुम्ही लॅपटॉप उघडता किंवा स्वतःचाच फोन काढता, स्कॅन करता आणि दहा सेकंदांत कामाला लागता. केक शॉप असो, बुटीक असो, झेरॉक्सवाला असो की क्लासचं ऑफिस, सगळीकडे हेच चालतं. कॉलेजात असताना स्वतःचा छोटा बिझनेस सुरू करणारे तर उलट बाजूला असतात. तेच मित्रांना स्कॅन करायला सांगतात.

या दहा सेकंदांत नेमकं काय हातात आलं, हे मात्र देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. दुकानाचा नंबर जोडून घेणं म्हणजे काउंटरवर उभं राहणं नव्हे, ती अख्ख्या दुकानाची किल्ली आहे. ती गरजेपुरत्या माणसांकडेच असावी, दुकानाच्याच डिव्हाइसवर असावी आणि तुमच्या पर्सनल फोनवर तर अजिबात नसावी. मालकाच्या सोयीसाठी नाही, तुमच्या स्वतःच्या भल्यासाठी.

जोडणं म्हणजे काय होतं?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या दुकानांत व्हॉट्सअॅपचं फुकट मिळणारं बिझनेस अॅप असतं. त्यात एक मुख्य फोन असतो, ज्यावर नंबर रजिस्टर झालेला असतो. त्याला आणखी चार डिव्हाइस जोडता येतात. लॅपटॉपवरचं वेब, डेस्कटॉपचं अॅप आणि २०२३पासून दुसरा फोनसुद्धा. मुख्य फोनवर ‘Linked devices’ नावाची स्क्रीन असते, तिथून क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं.

जुनं व्हॉट्सअॅप वेब आठवत असेल तर तेव्हा फोन बंद पडला की लॅपटॉपवरचं चॅटही बंद पडायचं. कारण वेब म्हणजे फोनचा आरसा होता. मेसेज यायचा तो फोनवरच, वेबवर फक्त दिसायचा. २०२१मध्ये कंपनीने ही रचना बदलायला सुरुवात केली. आता जोडलेल्या प्रत्येक डिव्हाइसची स्वतःची वेगळी चावी असते. कस्टमरने ‘ताई, ब्लाउज झाला का?’ असं पाठवलं की त्याच्या फोनवरून तो मेसेज तुमच्या दुकानाच्या प्रत्येक डिव्हाइससाठी वेगवेगळा कुलूपबंद होऊन निघतो आणि प्रत्येकाकडे थेट पोहोचतो. मालकांचा फोन बंद असला, ते ट्रेनमध्ये असले तरी काउंटरवरच्या लॅपटॉपवर मेसेज येतो तो यामुळेच. मुख्य फोन सलग १४ दिवस वापरलाच नाही, तर मात्र जोडलेली डिव्हाइस आपोआप लॉग आउट होतात.

एवढं तांत्रिक सांगायचं कारण म्हणजे यातूनच पुढचा मुद्दा निघतो. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, सेफ आहे’ असं आपण म्हणतो, ते वाटेतल्या माणसांपुरतं खरं आहे. वाटेत कोणी वाचू शकत नाही. पण वाट जिथे संपते तिथे आता एक माणूस नाही, पाच स्क्रीन आहेत. त्या पाचही स्क्रीनवर कुलूप उघडूनच मेसेज येतो. कस्टमरला वाटतं आपण दुकानदार काकूंशी बोलतोय. समोर कोण कोण वाचतंय, किती डिव्हाइस जोडलेली आहेत, हे त्याला त्याच्या स्क्रीनवर कुठेही लिहिलेलं दिसत नाही.

कोणाला काय दिसतं?

याचं उत्तर एका शब्दात आहे: सगळं. अमुक माणसाला फक्त ऑर्डरची चॅट दिसावीत, तमुकला फक्त डिलिव्हरीची, अशी वाटणी या फुकट अॅपमध्ये नाही. ‘हा फक्त वाचेल, उत्तर देणार नाही’ अशीही सोय नाही. जोडलं की सगळी चॅट, सगळे ग्रुप, फोटो, व्हॉइस नोट, पत्ते, सगळंच येतं. तेही आजपासून पुढचंच येतं असं नाही. जोडताना मुख्य फोन अलीकडच्या काळातल्या चॅटची एक प्रत नव्या डिव्हाइसला पाठवतो. म्हणजे तुम्ही सोमवारी कामाला लागलात, तरी तुम्ही येण्यापूर्वी लोक दुकानाशी काय काय बोलले होते, तेही तुमच्यासमोर उघडतं.

आता यात भर घाला. आपल्याकडे दुकानाचा नंबर आणि मालकाचा स्वतःचा नंबर बऱ्याचदा एकच असतो. मग काउंटरवरच्या लॅपटॉपवर काय दिसतं? ‘माहेरची माणसं’ ग्रुप, सोसायटीच्या मेंटेनन्सचं भांडण, डॉक्टरांना पाठवलेला रिपोर्ट, मुलाच्या फीसाठी भावाकडे मागितलेले उसने पैसे. काकूंनी हे कोणाला दाखवायचं ठरवलेलं नसतं. त्यांना फक्त रिप्लाय पटापट जायला हवे होते. आणि तुम्हालाही ते बघायचं नसतं. पण एकदा दिसलं की ते तुम्हाला माहीत झालेलं असतं आणि काकूंनाही कधीतरी कळतं की तुम्हाला ते माहीत आहे.

दिसण्याच्या पलीकडे जोडलेल्या माणसाला करताही खूप काही येतं. तो दुकानाच्या नावाने उत्तर देऊ शकतो. पाठवलेला मेसेज दोन दिवसांच्या थोड्या वरपर्यंत सगळ्यांकडून डिलीट करू शकतो. एखादं चॅट पूर्ण उडवू शकतो आणि ते उडवलेलं चॅट इतर डिव्हाइसवरूनही, मालकाच्या फोनवरूनही जातं. मुख्य फोनच्या मालकाकडे मग खास असं काय उरतं? नंबर त्याच्या सिमवर असतो, नवं डिव्हाइस जोडायचं की जुनं काढायचं ते तिथून ठरतं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन त्याच्याकडे असतो. बाकी चॅटच्या आत सगळे सारखेच.

समजा, एक बुटीक आहे

उदाहरण घेऊन बघू. समजा, ठाण्यात एक लहानसं बुटीक आहे. काकू चालवतात. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, अल्टरेशन अशी कामं. काउंटरवर संध्याकाळी चार तास एक कॉलेजची मुलगी बसते. तयार कपडे घरपोच द्यायला एक मुलगा येतो, तोही एसवायचा. शिवाय मागे कारागीर दादा आहेत, ज्यांना डिझाइनचे फोटो लागतात. काकूंच्या फोनला तीन डिव्हाइस जोडली आहेत. काउंटरचा लॅपटॉप, डिलिव्हरीवाल्या मुलाचा स्वतःचा फोन आणि कारागीर दादांचा फोन. चौथी जागा रिकामी आहे असं काकूंना वाटतं. प्रत्यक्षात दिवाळीच्या गर्दीत मदतीला आलेल्या एका मुलीचा लॅपटॉप अजून जोडलेला आहे.

या दुकानाच्या चॅटमध्ये काय असतं? मापं. कस्टमरने आरशासमोर उभं राहून काढलेले, ‘इथे सैल होतंय’ असं दाखवणारे फोटो. घराचा पत्ता, कितव्या मजल्यावर, घरी कधी असते. ‘मी बुधवारपासून गावाला आहे, शेजारच्यांकडे द्या’ असा मेसेज. त्या बाईंनी हे काकूंना पाठवलंय, कारण काकूंवर विश्वास आहे. वाचतंय मात्र पाच स्क्रीनवर आणि त्यातली एक आता दुकानात कामाला नसलेल्या मुलीच्या हॉस्टेलच्या खोलीत आहे.

आता दिवस कसा जातो ते बघा. सकाळी सव्वाअकराला एका कस्टमरचा मेसेज येतो, ‘डिझायनर ब्लाउजचे किती घेता? उद्या माप द्यायला येऊ का?’ डिलिव्हरीवाला मुलगा पत्ता शोधायला फोन उघडतो आणि त्याचा अंगठा चुकून त्या चॅटवर पडतो. एवढ्याने दोन गोष्टी घडतात. कस्टमरला निळी टिक दिसते, म्हणजे वाचलं. आणि काकूंच्या फोनवरचा, काउंटरच्या लॅपटॉपवरचा न वाचलेल्या मेसेजचा हिरवा आकडा नाहीसा होतो, कारण ‘वाचलं’ ही खूण सगळ्या डिव्हाइसवर एकदमच लागते. काकूंना वाटतं काही नवं आलेलं नाही. मुलगा म्हणतो, हे माझं काम नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर जात नाही आणि कस्टमर दुसरं दुकान गाठते. कोणीही आळस केलेला नाही, तरी गिऱ्हाईक गेलं.

याची उलटी बाजू म्हणजे दोघांनी उत्तर देणं. काकू गाडीतून ‘८५० रुपये’ लिहितात, त्याच मिनिटाला काउंटरवरची मुलगी जुन्या रेटकार्डवरून ‘७०० पासून’ लिहिते. कस्टमरला हे दोन्ही मेसेज एकाच दुकानाकडून आलेले दिसतात. ती अर्थातच सातशेच देणार म्हणते.

आता सगळ्यात कडू प्रसंग. एका कस्टमरने ८५० रुपये आगाऊ पाठवले, पण दुकानाच्या खात्यात आले नाहीत. तिच्याकडे स्क्रीनशॉट आहे. दुकानाच्या नंबरवरून आलेल्या क्यूआरवर तिने पैसे टाकले, नाव मात्र भलत्याचंच. काकू स्वतःच्या फोनवर ते चॅट उघडतात तर तो क्यूआर तिथे नाहीच. कोणीतरी पाठवून ‘फक्त माझ्याकडून डिलीट’ केलं, म्हणजे दुकानाच्या बाजूने उडालं आणि कस्टमरकडे राहिलं. कोणी केलं? फुकट अॅपमध्ये मेसेजशेजारी ‘हा अमुक डिव्हाइसवरून गेला’ असं लिहिलेलं नसतं. पाच स्क्रीन आहेत, म्हणजे पाच संशयित आहेत. पैसे कोणाच्या खात्यात गेले ते बँक आणि पोलीस शोधू शकतात, पण ८५० रुपयांसाठी तिथवर जायच्या आधीच दुकानात कुजबुज सुरू होते. आणि अशा वेळी पहिलं बोट कोणाकडे जातं? वीस वर्षं काम करणाऱ्या कारागीर दादांकडे नाही. दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या कॉलेजच्या मुलाकडे.

म्हणून म्हणते, हा प्रश्न फक्त कस्टमरच्या प्रायव्हसीचा नाही. जी गोष्ट तुम्हाला दिसत होती, ती बाहेर गेली तर तुम्ही ती बाहेर नेली नाही, हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच नसतं. दिसतच नव्हती, तर प्रश्नच येत नाही. कमी दिसणं हे तुमच्यासाठी संरक्षण आहे.

पत्ता हवा त्याला पत्ताच द्या

याच बुटीकची घडी नीट बसवायची तर काय करावं लागेल? पहिला प्रश्न असा विचारायचा, की कस्टमरला उत्तर कोण देतं? काकू आणि काउंटरवरची मुलगी, दोघीच. मग जोडलेलं डिव्हाइस एकच पुरे, काउंटरचा लॅपटॉप. डिलिव्हरीवाल्या मुलाला नाव, पत्ता, फोन आणि घ्यायचे पैसे एवढंच लागतं. ते रोज दुपारी एका मेसेजमध्ये त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवता येतं. कारागीर दादांना डिझाइनचा फोटो आणि मापं लागतात. मापं कागदाच्या स्लिपवर जातातच आणि फोटो तेवढा फॉरवर्ड करता येतो. चेहरा असेल तर क्रॉप करून. ‘एवढा कुटाणा कोण करणार?’ असं काकू म्हणतील. दिवसाला दहा डिलिव्हरी असतील, तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे दुकानाचं सिम वेगळं. घरचा नंबर घरी, दुकानाचा दुकानात. एका जुन्या अँड्रॉइडवर दुकानाचा नंबर टाकला आणि तो फोन काकूंच्या ताब्यात ठेवला, तर माहेरचा ग्रुप काउंटरवर उघडण्याचा प्रश्न मिटतो. नंबर बदलायचा म्हणजे जुन्या कस्टमरना कळवावं लागतं, हे खरं. पण हा त्रास एकदाच आहे.

तिसरं म्हणजे दोघींमधला नियम. ‘जिने चॅट उघडलं तिने उत्तर द्यायचं, नाहीतर लगेच “Mark as unread” करायचं.’ तसं केलं की न वाचल्याची खूण दुसऱ्या स्क्रीनवरही परत येते. निळी टिक गेलेली असते ती गेलीच, पण निदान मेसेज हरवत नाही. प्रत्येक उत्तराच्या शेवटी आपलं आद्याक्षर टाकायचं, उदाहरणार्थ ‘– स’ किंवा ‘– म’. हा पुरावा नाही, कोणीही कोणाचंही अक्षर टाकू शकतं. पण दर कोणी सांगितला हे दोघींना आणि कस्टमरलाही कळतं. शिवाय बिझनेस अॅपमध्ये लेबलं असतात. नवी ऑर्डर, पैसे यायचे आहेत, पैसे आले, अशी. ती चॅटला लावली की लॅपटॉपवरही दिसतात. रात्री दुकान बंद करताना ‘पैसे आले’ लेबलाची चॅट आणि बँकेची एन्ट्री समोरासमोर धरली, तर गेलेले ८५० रुपये महिन्याने नाही, त्याच रात्री लक्षात येतात. दुकानाचा क्यूआर कोणत्या नावाने उघडतो, ते नावही कस्टमरना पहिल्या ऑटोमॅटिक मेसेजमध्येच सांगून ठेवावं.

पर्सनल फोनवर का नको?

इथे तुमच्यातले बरेच जण म्हणतील, ‘अहो, दुकानात लॅपटॉपच नाही, मग आमच्याच फोनवर घ्यावं लागतं.’ मला मान्य आहे. पण परिणाम बघा. दुकानाच्या चॅटमधला जो फोटो तुमच्या फोनवर डाउनलोड होतो, तो बऱ्याचदा गॅलरीत जाऊन बसतो. तिथून तो तुमच्या क्लाउड बॅकअपमध्ये जातो. तुमचा फोन तुमच्या हातात असतो, तसाच रूममेटच्या हातात असतो, ट्रिपला फोटो बघणाऱ्या मित्रांच्या हातात असतो, स्क्रीन फुटली की रिपेअरवाल्याच्या टेबलावर असतो. अनोळखी बाईंचा ट्रायलचा फोटो तुमच्या गॅलरीत का आहे, हे समजावून सांगायची वेळ कोणावरच येऊ नये.

दुसरं म्हणजे तुमचे कामाचे तास संपतच नाहीत. चार तासांचे पैसे मिळतात आणि रात्री साडेअकराला दुकानाची रिंगटोन वाजते. उघडलंत तर निळी टिक जाते, म्हणजे उत्तर देणं आलं. न उघडावं तर सकाळी ‘तुला आलं नव्हतं का?’ आहेच.

तिसरं, सोडतानाची गोष्ट. काम सोडलं की मालकाने मुख्य फोनवर ‘Linked devices’ उघडून तुमच्या डिव्हाइसवर टॅप करून ‘Log out’ करायला हवं. ते केलं की तुमच्याकडची चॅट बंद होतात. पण डाउनलोड झालेले फोटो, पीडीएफ, काढलेले स्क्रीनशॉट तुमच्याच डिव्हाइसवर राहतात. लॉग आउटने तेवढं आवरत नाही. ते तुम्हाला स्वतः शोधून पुसावं लागतं. आणि लॉग आउट करायचंच राहिलं, तर दुकानाची चॅट तुमच्याकडे येतच राहतात. तुम्ही बघत नसलात तरी. चार महिन्यांनी काही बिनसलं, तर जोडलेल्यांच्या यादीत तुमचं डिव्हाइस असतंच.

मग मालकांना सांगायचं कसं? ‘मला तुमचं व्हॉट्सअॅप नको’ असं म्हटलं तर उद्धटपणा वाटेल. असं म्हणून बघा: ‘काकू, माझा फोन घरी सगळे वापरतात, कस्टमरचे फोटो त्यात नकोत. दुकानातला एखादा जुना फोन असेल तर त्यावर घेऊया का? दुकानात असेपर्यंत सगळे रिप्लाय मी देते, जाताना फोन ड्रॉवरमध्ये.’ यात काकूंचाही फायदा आहे आणि तो त्यांना लगेच कळतो. जुना फोनही नसेल आणि तुमच्याच फोनवर घ्यावं लागलं, तर निदान मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद करा, फोटो गॅलरीत दिसण्याची सेटिंग बंद करा आणि घरी जाताना लॉग आउट व्हा. दुसऱ्या दिवशी परत जोडायला दहा सेकंदच लागतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी पक्की लक्षात ठेवायची. डिव्हाइस जोडायला क्यूआर लागतो किंवा आठ अक्षरांचा कोड. एसएमएसने येणारा सहा आकडी कोड हा जोडण्यासाठी नसतो. तो अख्खं अकाउंट दुसऱ्या फोनवर नेण्यासाठी असतो. तो मालकाने कोणाला सांगायचा नाही आणि स्टाफने मागायचा नाही. आणि ‘कुरिअरसाठी हा आठ अक्षरी कोड टाका’ असं फोनवरून कोणी सांगितलं, तर समजा की तो माणूस स्वतःचं डिव्हाइस तुमच्या दुकानाला जोडून घेतोय. असं झालंय का हे कळायची जागा तीच, जोडलेल्यांची यादी. तिथे प्रत्येक डिव्हाइस आणि ते शेवटचं कधी वापरलं गेलं ते दिसतं. ओळखीचं नाही ते लगेच काढायचं.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग अॅपना दिलेल्या निर्देशांत, अॅप सिमशी बांधलेलं असावं आणि वेबवरचं लॉगिन जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप संपून पुन्हा क्यूआर स्कॅन करावा लागावा, असं म्हटलं होतं. दुकानदारांना हे कटकटीचं वाटतं, कारण मुख्य फोन दुकानातच हवा. पण आपल्या बुटीकमधल्या त्या हॉस्टेलच्या लॅपटॉपचा विचार करा. दर सहा तासांनी काकूंना स्कॅन करावं लागलं असतं, तर तो दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी सुटला असता.

‘आमच्यात विश्वास आहे’

माझ्या म्हणण्यावर नेहमीचा आक्षेप असतो, ‘आमचं दुकान घरच्यासारखं आहे, आम्ही असं बघत नाही.’ मला हा आक्षेप हलका वाटत नाही. आपल्याकडचे छोटे धंदे विश्वासावरच चालतात, आणि शिकता शिकता कमावणाऱ्या मुलांना अशाच दुकानांत पहिलं काम मिळतं. पण विश्वास काकूंचा तुमच्यावर आहे. कस्टमरने विश्वास काकूंवर टाकलाय, तुम्हाला ती ओळखतही नाही. तिच्या वतीने तो पुढे चौघांना वाटण्याचा हक्क काकूंना नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्यासाठीच वापरावी आणि तिची वाजवी काळजी घेणाऱ्याने घ्यावी.

दुसरा आक्षेप असा, की ‘पाच-सहा जण उत्तर देतात, मग काय करायचं?’ तेव्हा फुकट अॅप तुम्हाला पुरत नाही, हे मान्य करायचं. पैसे भरून घ्यायच्या प्लॅनमध्ये जास्त डिव्हाइस आणि चॅट ठरावीक माणसाला नेमून देण्याची सोय मिळते. त्याच्या वरची पायरी म्हणजे कंपनीचा बिझनेस प्लॅटफॉर्म, जो बहुतेक जण एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीमार्फत वापरतात. तिथे प्रत्येक स्टाफचं वेगळं लॉगिन असतं, कोणी काय लिहिलं त्याची नोंद राहते, आणि चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला कोणती चॅट दिसावीत हेही ठरवता येतं. बदल्यात महिन्याचे पैसे जातात, कस्टमरच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास उलटले की मनाजोगतं लिहिता येत नाही, मंजूर झालेला ठरावीक मजकूरच पाठवावा लागतो. आणि मधल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवरही चॅट जातात. म्हणजे दिसणारे डोळे तिथेही असतात, फक्त त्यांची नोंद असते. तीन माणसांच्या बुटीकला याची गरज नाही. त्यांना एक सिम, एक लॅपटॉप आणि दोन नियम पुरतात.

म्हणून पुढच्या वेळी कोणी क्यूआर पुढे केला, तर स्कॅन करण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा नंबर फक्त दुकानाचा आहे की तुमचा घरचाही? मी रिप्लाय देणार आहे की मला फक्त पत्ते हवेत? आणि मी काम सोडेन त्या दिवशी मला यादीतून कोण काढणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं, तर शेवटच्या दिवशी पगार घेताना तुम्हीच काकूंच्या शेजारी उभे राहा, ती यादी उघडायला सांगा आणि आपलं नाव गेलेलं डोळ्यांनी बघूनच निघा.